दोन उत्तरं जुळली आणि दोन्ही चुकली: आर्कसेकंदाचे अंश करताना

डिचोलीतल्या आमच्या घराच्या गच्चीवरून फेब्रुवारी २०२६च्या उत्तरार्धात गुरूचा फोटो घेतला. गुरूचं बिंब दुर्बिणीत किती आर्कसेकंदांचं, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागांचं, दिसतं ते मोजायचं आणि त्यावरून तो पृथ्वीपासून किती लांब आहे ते काढायचं, एवढंच काम होतं. करणारी दोघं. माझा भाचा म्हापशाच्या कॉलेजात एफवाय बीएस्सीला आहे आणि माझी मुलगी अकरावीत. माप दोघांनी मिळून घेतलं, गणित मात्र वेगवेगळ्या खोल्यांत बसून केलं. त्यानं कॅल्क्युलेटरवर, तिनं लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये.

त्याचं उत्तर आलं १ कोटी १२ लाख किलोमीटर. तिचं आलं १ कोटी १७ लाख. फरक पाच टक्क्यांहून कमी.

"मामा, दोघांचं जुळलं. थोडा फरक आहे तो राउंडिंगचा असणार," भाचा म्हणाला.

खरं अंतर त्या रात्री ६७ कोटी किलोमीटरच्या घरात होतं. दोन्ही उत्तरं चुकलेली होती. दोघांनी एकच चूक केली असती तर हे प्रकरण लिहिण्यासारखं नव्हतं. पण त्यांच्या चुका वेगळ्या होत्या, वेगळ्या पायऱ्यांवर झाल्या होत्या, आणि तरीही आकडे एकमेकांच्या शेजारी येऊन बसले. आर्कसेकंदाचे अंश करण्याच्या हिशेबात असं होऊ शकतं, आणि त्याला कारण आहे.

माप

दुर्बीण सहा इंची न्यूटोनियन, फोकल लेंग्थ १२०० मिलिमीटर, साध्या डॉब्सन स्टँडवर बसवलेली. आयपीस काढून त्या जागी ग्रहांचे फोटो घ्यायचा छोटा कॅमेरा लावला होता. त्याच्या सेन्सरवर आडवे १२८० आणि उभे ९६० पिक्सेल आहेत आणि एकेक पिक्सेल ३.७५ मायक्रोमीटर रुंदीचा. गुरू मिथुन राशीत होता, म्हणजे गोव्यातून पाहताना रात्री जवळजवळ डोक्यावर. डॉब्सनला ही जागा मुळीच आवडत नाही. नळी सरळ वर झाली की ती आडवी फिरवणं अवघड होतं आणि ग्रह चौकटीत आणता आणता मान मोडते. त्यात फेब्रुवारीतलं दव. फोटो मिळाला हेच पुष्कळ.

एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती कोन मावतो हे आधी काढावं लागतं. त्याचं सूत्र सोपं आहे: २०६.२६५ गुणिले पिक्सेलची रुंदी मायक्रोमीटरमध्ये, भागिले फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये. एका रेडियनमध्ये २,०६,२६५ आर्कसेकंद असतात. मायक्रोमीटर आणि मिलिमीटर यांच्यातला हजाराच्या फरकानं त्याला भागलं की २०६.२६५ उरतात. आमच्या जोडणीसाठी उत्तर येतं पिक्सेलमागे ०.६४४६ आर्कसेकंद.

फोटोत गुरूच्या पट्ट्यांना समांतर, म्हणजे त्याच्या विषुववृत्ताच्या दिशेनं, बिंब ६८ पिक्सेल भरलं. ६८ गुणिले ०.६४४६, म्हणजे ४३.८ आर्कसेकंद. इथपर्यंत दोघांचं काम चोख होतं. त्यांनी ते एका वेगळ्या मार्गानं तपासलंही होतं. स्टँडला मोटर नसल्यामुळे दुर्बीण सोडून दिली की पृथ्वीच्या फिरण्यानं गुरू चौकटीतून सरकत जातो. १२८० पिक्सेल म्हणजे ८२५ आर्कसेकंद, आणि गुरू तेवढं अंतर कापायला साधारण मिनिटभर घेत होता. आकाश विषुववृत्तापाशी सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद सरकतं. गुरूची क्रांती, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, तेव्हा उत्तरेला २३ अंशांच्या आसपास होती, त्यामुळे त्याचा वेग १४च्या किंचित खाली येतो. साठ सेकंदांत सव्वाआठशे-साडेआठशे आर्कसेकंद, म्हणजे पिक्सेलचा हिशेब बरोबर. (घड्याळाचा सेकंद आणि कोनाचा सेकंद यांची गल्लत इथे होऊ शकली असती. ती झाली नाही, याचं श्रेय मुलीच्या नीटनेटक्या वहीला.)

दोन वाटा

पुढचं सूत्र दोघांनाही माहीत होतं. गुरूचा विषुववृत्तीय व्यास १,४२,९८४ किलोमीटर आहे. त्याला दिसणाऱ्या कोनाच्या टॅनने भागलं की अंतर मिळतं. टॅन काढायचा तर कोन अंशांत हवा, कारण कॅल्क्युलेटर 'DEG' मोडवर होता.

भाच्यानं ४३.८ला ६०ने भागलं आणि ०.७३ अंश लिहिलं. "मिनिटात साठ सेकंद, म्हणून साठ," हे त्याचं स्पष्टीकरण. ते खरंही आहे, पण त्यातून मिळतात आर्कमिनिटं. अंश मिळायला आणखी एकदा ६०ने भागायला हवं. ४३.८ आर्कसेकंद म्हणजे ०.७३ आर्कमिनिट, म्हणजे ०.०१२१७ अंश. तो मधल्या पायरीवर थांबला आणि त्या पायरीला त्यानं शेवटच्या पायरीचं नाव दिलं.

मुलीनं अंश बरोबर काढले. तिच्या शीटमध्ये ४३.८ भागिले ३६०० होतं आणि उत्तर ०.०१२१६६७. पण पुढच्या रकान्यात तिनं तो आकडा थेट `TAN` मध्ये टाकला. स्प्रेडशीटचं `TAN` कोन रेडियनमध्ये मागतं आणि अंश दिले तर कुरकुर न करता तेच रेडियन समजून चालतं. तिचा कोन त्यामुळे ५७.३ पटीनं मोठा धरला गेला, कारण एका रेडियनमध्ये ५७.३ अंश असतात.

त्याची चूक ६० पटीची, तिची ५७.३ पटीची. दोन्ही चुकांनी कोन फुगला आणि अंतर त्याच प्रमाणात आकसलं. ६० आणि ५७.३ यांच्यातला फरक पावणेपाच टक्क्यांचा आहे, म्हणून १ कोटी १२ लाख आणि १ कोटी १७ लाख. पाच टक्के इकडेतिकडे होणं ही घरगुती मापनात नेहमीची गोष्ट, म्हणून कोणालाच शंका आली नाही. हा योगायोग केवळ आमच्या गच्चीवरचा नाही. अंश-आर्कमिनिटाची एक पायरी चुकणं आणि अंश-रेडियनची अदलाबदल होणं, या दोन चुका कुठेही, कोणत्याही ग्रहासाठी केल्या तरी उत्तरं एवढीच जवळ येणार. दोन माणसांची उत्तरं पाच टक्क्यांत जुळली तर या विशिष्ट गणितात मी तरी ते पुरावा मानणार नाही.

कशावरून कळलं

शंका आधी घेतली ती माझ्या वडिलांनी. त्यांचा टॅनशी संबंध नाही, पण पंचांगाशी आहे. १ कोटी १२ लाख हा आकडा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "मग शुक्र किती लांब?" शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही जवळजवळ चार कोटी किलोमीटरवर असतो. गुरू शुक्राच्याही अलीकडे येऊन बसला होता. गुरूची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या बाहेर आहे आणि तो आपल्यापासून सुमारे ५९ कोटींपेक्षा जवळ येऊच शकत नाही, एवढं दोघांनाही ठाऊक होतं. उत्तराकडे त्या नजरेनं पाहिलं नव्हतं, इतकंच.

अंतर चुकलं हे ठरल्यावर प्रश्न उरला की चूक कुठल्या पायरीवर. इथे मी त्यांना एक आकडा बघायला सांगितलं, जो त्यांच्याच फोटोत होता. चौकट आडवी ८२५ आर्कसेकंद. तिचे अंश करा. ८२५ भागिले ३६००, म्हणजे ०.२३ अंश. आणि भाच्याच्या वहीत गुरू ०.७३ अंशांचा. चौकटीपेक्षा तिप्पट मोठा ग्रह त्याच चौकटीत कोपऱ्यातल्या ६८ पिक्सेलमध्ये कसा मावला? दुसरी बाजू चंद्राची. चंद्र साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. ०.७३ खरं असतं तर गुरू नुसत्या डोळ्यांना चंद्राहून मोठा दिसला असता, आणि त्याची ख्याती शनीहून वाईट झाली असती.

भाच्याची चूक तिथेच सापडली. पण ही तपासणी मुलीच्या शीटला लावली तर तिथे काहीच सापडत नाही. तिचे ०.०१२१७ अंश चौकटीतही बसतात आणि चंद्राशीही जुळतात, कारण चंद्राच्या चाळिसाव्या भागाएवढा गुरू ही गोष्ट खरीच आहे. ती म्हणालीसुद्धा, "बाबा, माझे अंश बरोबर आहेत, मग माझं उत्तर दादाच्या उत्तराजवळ कसं?" हा तिनं विचारलेला प्रश्न मला त्या रात्रीचा सर्वांत चांगला वाटला.

तिच्यासाठी उलटा हिशेब लागला. तिच्या अंतरावर, म्हणजे पूर्ण आकडा घेतला तर १ कोटी १७ लाख ५१ हजार किलोमीटरवर, ०.०१२१७ अंशांची वस्तू प्रत्यक्षात किती मोठी असेल ते काढायचं. कॅल्क्युलेटर 'DEG' मोडवर ठेवून अंतराला कोनाच्या टॅनने गुणलं तर उत्तर येतं सुमारे २,४९५ किलोमीटर. आपला चंद्रसुद्धा ३,४७५ किलोमीटरचा आहे. १,४२,९८४ टाकून काढलेलं अंतर परत १,४२,९८४ देत नाही, याचा अर्थ जाताना आणि येताना टॅनला वेगवेगळं एकक मिळालं. १,४२,९८४ला २,४९५ने भागा, ५७.३ येतात. एवढं कळल्यावर दोष कुठल्या रकान्यात आहे ते शोधायची गरज राहत नाही.

भाच्याचा उलटा हिशेब मात्र बिनचूक निघतो, हेही त्यांनी करून पाहिलं. त्याच्या राउंड न केलेल्या अंतरावर ०.७३ अंशांची वस्तू खरंच १,४२,९८४ किलोमीटरचीच असते. त्याची चूक सूत्राच्या आधी, रूपांतरात झाली होती, आणि सूत्रानं ती चूक प्रामाणिकपणे पुढे नेली. म्हणजे एकाची चूक पकडणारी तपासणी दुसऱ्याची पकडत नाही. दोन्ही कराव्या लागतात.

चुकलेल्या आणि खऱ्या उत्तराचं गुणोत्तर काढलं तर पुष्कळदा ते स्वतःच कारण सांगतं. ६० पटीचा फरक असेल तर एक पायरी सुटली, दोन्ही सुटल्या, म्हणजे आर्कसेकंदच अंश समजून वापरले, तर कोन ३६०० पटीनं फुगतो, पण एवढ्या मोठ्या कोनाचा टॅन त्याहून वेगानं वाढतो, म्हणून आमच्या आकड्यांत फरक सुमारे ४,५०० पटीचा येतो. ५७.३ असेल तर रेडियन. मात्र ६० की ५७.३ हे ओळखायला हिशेबातले आकडे पूर्ण ठेवलेले हवेत. भाच्यानं अंतर "साधारण १.१ कोटी" असं लिहिलं असतं आणि खरं उत्तर "साधारण ६५ कोटी" धरलं असतं, तर गुणोत्तर ५९ आलं असतं आणि त्यातून काहीच ठरलं नसतं.

दुरुस्ती

वडिलांनी सुचवलेली मांडणी दोघांनी घेतली. पंचांगात ग्रहाचं स्थान राशी, अंश, कला, विकला असं वेगवेगळ्या रकान्यांत असतं. विकला म्हणजेच आर्कसेकंद आणि कला म्हणजे आर्कमिनिट. त्याच पद्धतीनं गुरूचं बिंब लिहायचं: ० अंश, ० कला, ४३.८ विकला. शून्यं लिहिली की मधला रकाना डोळ्यांसमोर राहतो, आणि विकलांवरून अंशांत जाताना त्यावरून उडी मारता येत नाही.

कॅल्क्युलेटरवरही हेच चालतं. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर अंश-मिनिट-सेकंद अशी खूण असलेलं बटण असतं. त्यावर ०, बटण, ०, बटण, ४३.८, बटण, मग बरोबरचं चिन्ह असं दाबायचं. तेच बटण पुन्हा दाबलं की ०.०१२१६६ असं दशांशातलं उत्तर समोर येतं. सुरुवातीची दोन शून्यं गाळून नुसतं ४३.८ आणि बटण दाबलं तर यंत्र ते ४३.८ अंश धरतं, आणि गुरू क्षितिजापासून डोक्यापर्यंतचं जवळजवळ अर्धं आकाश व्यापून बसतो. ही चूक निदान लगेच दिसते.

मुलीच्या शीटमध्ये तीन रकाने राहिले. `A2` मध्ये आर्कसेकंद, `B2` मध्ये अंश, आणि `C2` मध्ये अंतर:

```
B2: =A2/3600
C2: =142984/TAN(RADIANS(B2))
```

`RADIANS` काही बिघडवत नाही, अंशांचं रेडियन करून `TAN`च्या हाती देतं. आता दोघांचंही उत्तर ६७ कोटी ३३ लाख किलोमीटर आलं. सूर्य-पृथ्वी अंतराच्या साडेचार पट. गुरूची प्रतियुती, म्हणजे सूर्य आणि गुरू पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना असण्याची वेळ, १० जानेवारी २०२६ला होऊन गेली होती, तेव्हा तो याहून जवळ होता आणि त्यानंतर दूर दूर जात होता, त्यामुळे साडेचार पट हे त्या दिवसांना शोभणारं उत्तर आहे.

अंशांच्या फेऱ्यात न पडता थेट २,०६,२६५ वापरूनही हे करता येतं. व्यास गुणिले २,०६,२६५, भागिले आर्कसेकंद. एवढ्या लहान कोनासाठी टॅन आणि रेडियनमधला कोन यांत व्यवहारात फरक नसतो, म्हणून उत्तर तेच येतं. मला स्वतःला ही वाट आवडते. पण ती फक्त पडताळ्यासाठी ठेवा असं मी मुलांना सांगितलं, कारण आर्कसेकंदाचे अंश करण्याचं काम त्यानं टळत नाही, पुढे ढकललं जातं. चौकटीचा कोन, चंद्राशी तुलना, दोन ताऱ्यांमधलं अंतर, हे सगळं शेवटी अंशांतच बोललं जातं.

एक चूक जी होता होता राहिली

शीट दुरुस्त झाल्यावर भाच्यानं तिच्या पडद्यावरून अंश वाचले आणि कॅल्क्युलेटरवर टाकले. त्याला आलं ८१ कोटी ९२ लाख. दोघंही पुन्हा बुचकळ्यात. रकान्याचं फॉरमॅट दशांशानंतर दोन अंकांचं होतं, त्यामुळे आत ०.०१२१६६७ असलं तरी पडद्यावर ०.०१ दिसत होतं, आणि त्यानं दिसलं तेच टाकलं.

ही चूक मला पहिल्या दोन्हींपेक्षा घातक वाटते. १ कोटी १२ लाख ऐकून माझ्या वडिलांच्या भुवया उंचावल्या. ८२ कोटी ऐकून कोणाच्याच उंचावल्या नसत्या, कारण गुरू ५९ कोटींपासून ९६ कोटींच्या पुढेपर्यंत कुठेही असू शकतो. शुक्राची तपासणी, चंद्राची तपासणी, चौकटीची तपासणी, सगळीकडून ०.०१ अंश बिनबोभाट पार होतो. आर्कसेकंदांत मोजलेला आकडा अंशांत नेला की दशांशचिन्हानंतर शून्यं येतात, आणि दोन-तीन घरांचं राउंडिंग त्या शून्यांतच संपून जातं. ०.०१२ घेतलं तर ६८ कोटी २७ लाख येतात, ०.०१२२ घेतलं तर ६७ कोटी १५ लाख, आणि ०.०१२१७ घेतलं तर ६७ कोटी ३२ लाख. मूळ मापात ४, ३ आणि ८ असे तीन अर्थपूर्ण अंक होते. अंशांत गेल्यावर पहिल्या शून्येतर अंकापासून मोजून किमान चार ठेवायचे. दशांशानंतर किती घरं, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

राहता राहिली उत्तराची मर्यादा. बिंबाची कड हवेमुळे थरथरते आणि फोटोत ती एक पिक्सेल इकडे की तिकडे हे नक्की सांगता येत नाही. ६८ पिक्सेलमध्ये एक म्हणजे दीड टक्का, अंतरात सुमारे एक कोटी किलोमीटर. म्हणून भाच्यानं अहवालात ६७ कोटी ३३ लाख खोडून "६७ कोटी, एक कोटी कमी-जास्त" असं लिहिलं. मुलीनं त्याच फोटोत गुरूचा उभा, ध्रुवाकडून ध्रुवाकडचा व्यासही मोजला. तो ६४ पिक्सेल भरला. ४१.२५ आर्कसेकंद, ०.०११४६ अंश. ध्रुवीय व्यास १,३३,७०८ किलोमीटर धरला तर अंतर ६६ कोटी ८५ लाख येतं, एक कोटीच्या त्या मर्यादेत.